अठरा तेच, छेद तीन: सशर्त संभाव्यता उलटवताना या चुका टाळा

चादरीच्या कारखान्यात काम करणारे बहुतेक जण सोलापूरचे. म्हणून सोलापूरचे बहुतेक जण चादरीच्या कारखान्यात कामाला, असं कुणी म्हटलं तर अक्कलकोट रोडवरचा चहावालाही हसेल. पण ‘कारखाना’ आणि ‘सोलापूर’च्या जागी ‘पॉझिटिव्ह’ आणि ‘आजारी’ हे शब्द आले, की हीच उलटापालट पोरं बिनदिक्कत करतात आणि उत्तराखाली दोन रेघाही मारतात.

एकच उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. समजा, २००० यंत्रमाग कामगारांचा क्षयरोगासाठी छातीचा एक्स-रे काढला. आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत: शंभरात एकाला आजार आहे, आजारी शंभरांपैकी ९० जणांचा एक्स-रे संशयित येतो आणि निरोगी शंभरांपैकी ५ जणांचाही उगाच संशयित येतो. संशयित म्हणजे पॉझिटिव्ह. नमुना अवकाश म्हणजे ही २००० माणसं. प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी डब्यात टाकून एक काढायची, म्हणजे प्रत्येक चिठ्ठी निघण्याची शक्यता सारखी. आता संभाव्यता म्हणजे फक्त मोजणी.

| | पॉझिटिव्ह | निगेटिव्ह | एकूण |
|---|---|---|---|
| आजारी | १८ | २ | २० |
| निरोगी | ९९ | १८८१ | १९८० |
| एकूण | ११७ | १८८३ | २००० |

चूक पहिली: टक्के कुणाचे, हे न बघता तक्ता भरणे

तक्ता भरायला एक क्रम आहे. आधी कोपऱ्यात २०००. मग उजव्या रकान्यात आजारी २० आणि निरोगी १९८०. मग प्रत्येक आडवी ओळ स्वतंत्रपणे फोडायची: २० चे ९० टक्के १८, १९८० चे ५ टक्के ९९. खालची बेरीज सगळ्यात शेवटी. घाई करणारा ५ टक्के थेट २००० वर लावतो, १०० लिहितो आणि ‘एकाचाच तर फरक आहे’ म्हणतो. फरक एकाचा असला तरी चूक विचारातली आहे. तोच माणूस ९० टक्केही २००० वर लावून १८०० पॉझिटिव्ह काढू शकतो.

एकूण संख्या अशी निवडा की अर्धा माणूस उरणार नाही. आजार हजारात एकाला असेल आणि तुम्ही १००० माणसं घेतलीत, तर आजारी पॉझिटिव्ह ०.९ येतात. २०,००० घ्या, १८ येतील आणि निरोगी पॉझिटिव्हही पूर्ण ९९९.

चूक दुसरी, आणि बाकी सगळ्यांची आई: उलटा छेद

प्रश्न असतो: ‘एक्स-रे पॉझिटिव्ह आलेल्या कामगाराला खरंच आजार असण्याची संभाव्यता किती?’ उत्तर येतं: ९० टक्के. तक्ता समोर असतानाही येतं.

त्या १८ माणसांकडे नीट बघा. तेच १८ तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. १८/२००० म्हणजे कुठलीही एक चिठ्ठी काढली तर ती ‘आजारी आणि पॉझिटिव्ह’ माणसाची असण्याची संभाव्यता, ०.९ टक्का. १८/२० म्हणजे माणूस आजारी आहे हे माहीत असताना पॉझिटिव्ह येण्याची, ९० टक्के. आणि १८/११७ म्हणजे पॉझिटिव्ह आला हे माहीत असताना आजारी असण्याची, साधारण १५.४ टक्के. अंश हलला नाही, छेद बदलला. अट कळली की अटीत न बसणाऱ्या चिठ्ठ्या डब्यातून बाहेर काढायच्या. उरलेला डबा हाच नवा नमुना अवकाश. सशर्त संभाव्यता एवढीच आहे.

म्हणून आकडा लिहिण्याआधी छेद शब्दांत लिहायचा: ‘पॉझिटिव्ह आलेले सगळे’. त्याखाली ११७. अर्धी ओळ जास्त लागते. ज्यांना ती जड वाटते, त्यांचीच उत्तरं उलटी येतात.

९० वरून १५ वर घसरण का होते? चाचणी वाईट म्हणून नव्हे. निरोगी माणसं १९८० आहेत आणि त्यांचे ५ टक्केसुद्धा ९९ होतात; आजारी २० च आहेत, ते सगळेच्या सगळे पकडले असते तरी २० च. मोठ्या ढिगाचा लहान हिस्सा लहान ढिगाच्या मोठ्या हिश्श्याला झाकून टाकतो.

ही चूक फक्त पोरांची नाही. हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी संबंधित रुग्णालयांतल्या ६० डॉक्टर आणि विद्यार्थ्यांना असाच प्रश्न विचारला गेला होता. त्याचा निष्कर्ष १९७८ साली छापून आला. आजार हजारात एकाला, निरोगी माणूस पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण ५ टक्के, तर पॉझिटिव्ह माणसाला आजार असण्याची शक्यता किती? सर्वाधिक मिळालेलं उत्तर ९५ टक्के. आजारी माणूस नक्की पकडला जातो असं धरून मोजा: हजारात १ आजारी, ९९९ निरोगींचे ५ टक्के सुमारे ५०, म्हणजे ५१ पैकी १, जेमतेम २ टक्के. बरोबर उत्तर साठांपैकी ११ जणांचं आलं. ९५ कुठून आले? शंभरातून ५ वजा करून. हजारात एक हा आकडा प्रश्नात होता, तो ९५ म्हणणाऱ्यांनी वापरलाच नाही.

बेजचं सूत्र पाठ असलेल्यांसाठी:

```
P(आजार | पॉझिटिव्ह) = (०.९० × ०.०१) / (०.९० × ०.०१ + ०.०५ × ०.९९)
                    = ०.००९ / ०.०५८५ ≈ ०.१५४
```

अंश आणि छेदाला २००० ने गुणा, १८ आणि ११७ परत मिळतात. सूत्र म्हणजे तोच तक्ता, फक्त माणसं पुसलेला. ज्याला तक्ता येत नाही त्याने सूत्र वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

चूक तिसरी: १५ टक्के हा चाचणीचा गुण समजणे

तीच एक्स-रेची तपासणी, पण आता कामगारांची रांग नाही. दोन-तीन आठवडे खोकला, ताप आणि वजन घटलेली २००० माणसं दवाखान्यात आली आहेत आणि त्यांच्यात शंभरी २० आजारी आहेत असं धरू. आजारी ४००, पैकी पॉझिटिव्ह ३६०. निरोगी १६००, पैकी पॉझिटिव्ह ८०. आता ३६०/४४०, जवळजवळ ८२ टक्के. यंत्र तेच, ९० आणि ५ तेच. माणसं बदलली. त्यामुळे ‘ही चाचणी पॉझिटिव्ह आली तर किती खरी’ हा प्रश्न कुणाला तपासलं हे सांगितल्याशिवाय अपुरा आहे.

चूक चौथी: तोच एक्स-रे पुन्हा काढून गुणाकार करणे

११७ जणांचा पुन्हा एक्स-रे काढला तर? नव्या डब्यात १८ आजारी आणि ९९ निरोगी. हुशार पोरगा पुन्हा ९० आणि ५ टक्के लावतो, १६.२ आणि ४.९५ काढतो आणि ७७ टक्के जाहीर करतो. मोजणी बरोबर, गृहीतक चूक. त्या ९९ पैकी काहींच्या छातीत बऱ्या झालेल्या जुन्या क्षयरोगाचा व्रण असेल, तर तो दुसऱ्या एक्स-रेतही दिसणारच. त्यांच्यासाठी ते ५ टक्के उरत नाहीत. म्हणूनच पुढची तपासणी वेगळ्या प्रकारची, थुंकीतल्या जंतूंची केली जाते.

किरकोळ चुका: ९० आणि ५ ची बेरीज १०० का येत नाही म्हणून घाबरू नका, ते वेगळ्या ओळींतले आहेत, १०० होतात ते एकाच ओळीतले ९० आणि १० टक्के, म्हणजे १८ आणि २. निगेटिव्ह म्हणजे ‘आजार नाहीच’ असं लिहू नका, २/१८८३ उरतात. अटीच्या रकान्यात शून्य माणसं असतील तर सशर्त संभाव्यता शून्य नसते, ती ठरवताच येत नाही. आणि तक्त्यातले १८ हे अपेक्षित आहेत. खऱ्या २० आजाऱ्यांत १६ किंवा १९ सापडले, तर चाचणी बिघडली असं समजू नका.