मूडबोर्डवर आधी पांढरा रंग शोधा

धायरीतल्या त्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी सात वाजता मी लॅमिनेटचे तीन तुकडे जमिनीवर मांडले आणि पोटात गोळाच आला. एक गुलाबी दिसत होता, एक पिवळा आणि तिसऱ्यावर राखाडी झाक होती. मूडबोर्डवर, म्हणजे खोली कशी दिसावी यासाठी फोटो जमवून मांडलेल्या फलकावर, हीच तीन लाकडं सख्ख्या बहिणींसारखी शेजारी बसली होती. घरातल्या आजी दारातूनच म्हणाल्या, "अगं, ही एका खोलीतली वाटत नाहीत." त्यांचं बरोबर होतं. बोर्ड मी निवडला होता आणि क्लायंटकडून तो मंजूरही करून घेतला होता.

खोली दहा बाय दहाची. एकच सरकती खिडकी, समोर शेजारची इमारत. खाली बिल्डरने घातलेल्या दोन बाय दोनच्या चकचकीत आयव्हरी व्हिट्रिफाइड टाइल्स, त्यांत किंचित गुलाबी छटा. दार गडद तपकिरी. माझे बोर्ड तीन होते: पहिला लाकूड आणि बेज, दुसरा गेरू आणि वेत, तिसरा फिकट शेवाळी भिंत आणि एकच लाकूड. पहिला बोर्ड बघताक्षणी 'एकसंध' वाटला म्हणून मी तोच निवडला.

फसले ती इथे. पहिल्या बोर्डवरचे जवळजवळ सगळे फोटो एकाच उबदार पिवळसर छटेत एडिट केलेले होते. लाकूड, चादर, भिंत, कुंडी, सगळ्यांवर जणू एकच पातळ चहाचं पाणी फिरवलेलं. डोळ्याला जो मेळ दिसत होता तो त्या चहाच्या पाण्याचा होता, सामानाचा नव्हता. क्लायंटला तुम्ही फिल्टर विकत देऊ शकत नाही. त्यांच्या खोलीत 6500 केल्व्हिनची पांढरी ट्यूब आहे, ती लागली की तो पिवळा पडदा निघून जातो आणि खालचे मूळ रंग उघडे पडतात.

म्हणून आता कोणताही बोर्ड समोर आला की मी आधी प्रत्येक फोटोत पांढरी असणारच अशी एखादी वस्तू शोधते: स्विचबोर्डची प्लेट, पुस्तकाची पानं, कप. चादर चालते, पण ती मुळातच क्रीम असू शकते, म्हणून दोन वस्तू बघा. एडिटिंग अ‍ॅपमधल्या रंग उचलायच्या ड्रॉपरने त्या वस्तूवर टिचकी मारा आणि लाल, हिरवा, निळा यांचे आकडे वाचा. खऱ्या पांढऱ्यात किंवा राखाडीत तिन्ही जवळजवळ सारखे येतात. माझ्या एका फोटोतली स्विचची प्लेट होती 232, 222, 204. लाल आणि निळ्यात 28 चा फरक, म्हणजे फोटोच पिवळा. तो संध्याकाळच्या उन्हात काढलेला असेल किंवा मुद्दाम तसा रंगवलेला असेल, आपल्यासाठी दोन्ही सारखंच. मग व्हाइट बॅलन्सच्या ड्रॉपरने तीच प्लेट निवडून फोटो तटस्थ करा. सगळे फोटो असे केले, की बोर्ड पुन्हा मांडा.

मी हे उशिरा केलं, पण केलं. पहिला बोर्ड पाच मिनिटांत फुटला. पलंगाचं लाकूड लालसर, कपाटाचं पिवळं, भिंतीवरच्या पट्ट्यांचं राखाडी. तिसऱ्या बोर्डवरचे फोटो मुळात निस्तेज होते म्हणून मला आवडले नव्हते, पण दुरुस्तीनंतर ते जवळजवळ तसेच राहिले. त्यातला मेळ खरा होता.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. 'जपांडी', 'बोहो' अशी सजावटीच्या शैलींची नावं बोर्डवर लिहू नका. नाव लिहिलं की डोळा नावाशी जुळवायला लागतो आणि वस्तू एकमेकींशी जुळतात का हे बघायचं राहून जातं. आणि आमचे सर दोन मिनिटांत बोर्ड निवडतात ते बघून तसं करायला जाऊ नका. त्यांनी वीस वर्षं भवानी पेठेतल्या दुकानांत लॅमिनेटच्या शीट्स हाताळल्या आहेत. फोटो बघताना त्यांच्या डोक्यात शीट उभी राहते, आपल्या डोक्यात फक्त फोटो असतो. शिकवताना सरांनी हे कधी सांगितलं नाही, सांगायला हवं होतं असं मला आजही वाटतं.

दुसरी चूक तुलनेतली. माझ्या पहिल्या बोर्डवर चौदा फोटो होते, तिसऱ्यावर सहा. भरलेला बोर्ड श्रीमंत दिसतोच. तिन्हींवर सारखेच फोटो ठेवा, सारख्याच आकाराचे. आणि जे बदलणार नाही ते तिन्ही बोर्डांवर चिकटवा: त्याच खोलीतल्या टाइलचा आणि दाराचा फोटो, टाइलशेजारी पांढरा कागद ठेवून काढलेला. टाइलला बोर्डचा खालचा एक तृतीयांश भाग द्या. नेटवरच्या बहुतेक खोल्यांत खाली फिकट लाकडी फ्लोअरिंग असतं आणि निम्मी जादू त्याचीच असते. ते झाकलं की थीम उभी राहते का, हे बघायचं.

गेरू-वेताचा दुसरा बोर्ड पांढऱ्या रंगाच्या परीक्षेत टिकला होता, रंग खरोखर जुळत होते. तो पडला कृष्णधवल केल्यावर. गेरूची भिंत, सागवानी पलंग आणि वेताची जाळी, तिन्ही एकाच मधल्या राखाडीत मिसळून गेले. मोठ्या, उजेडाच्या खोलीत हे सुंदर दिसतं. एका खिडकीच्या खोलीत पलंग कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते ते कळत नाही, आणि खोली मळकट वाटते. शेवाळी बोर्डमध्ये भिंत फिकट होती, लाकूड मध्यम आणि गडद फक्त दार आणि हँडल. तिन्ही पायऱ्या वेगळ्या दिसत होत्या, शिवाय नको असलेलं ते तपकिरी दारही त्यात सामावलं.

नव्याने शिकणाऱ्यांनी घाबरू नये. हा सगळा खटाटोप एका दुपारचा आहे आणि बोर्डवर झालेली चूक फुकट असते. लॅमिनेट चिकटवल्यावर ती फुकट राहत नाही. आमचं नशीब की शीट्सची ऑर्डर गेली नव्हती. क्लायंटला फोन करून "मी निवडलेला बोर्ड चुकला" असं सांगितलं, तेव्हा माझा आवाज थरथरत होता. त्या ताई म्हणाल्या, "आत्ता सांगितलंत ते बरं झालं."

बोर्डने एक गोष्ट मात्र दाखवली नाही. भिंतीवर तीन बाय तीन फुटांचा शेवाळी पॅच लावला आणि खालच्या टाइल्स आधीपेक्षा गुलाबी दिसायला लागल्या. हिरव्याशेजारी गुलाबी उठून दिसतो, आणि बोर्डवर टाइलचा फोटो हाताएवढा असल्याने ते जाणवलं नव्हतं. आम्ही त्याच शेडकार्डवरची दोन घरं पुढची, जास्त राखाडी शेवाळी घेतली. पुन्हा पॅच लावला, सकाळी दहाला आणि रात्री ट्यूबखाली बघितला. गुलाबी बराच दबला. उरलेल्यासाठी पलंगाच्या मोकळ्या बाजूला बिनरंगी सुताची सतरंजी टाकली, कारण दारातून आत येताना पहिली नजर तिथल्याच टाइल्सवर पडते.