या चुका टाळा: विषमतेच्या उत्तरातला प्रकार्यवाद आणि संघर्ष सिद्धांत

‘सामाजिक विषमतेचे स्पष्टीकरण प्रकार्यवाद व संघर्ष सिद्धांताच्या आधारे द्या’ या प्रश्नात गुण जातात ते बहुतेक वेळा एकाच जागी. किंग्सले डेव्हिस आणि विल्बर्ट मूर यांचा 1945 चा प्रकार्यवादी सिद्धांत अर्धाच लिहिला जातो.

नेहमीचं वाक्य असं असतं: ‘डॉक्टरचं काम समाजासाठी महत्त्वाचं आहे, म्हणून त्याला सफाई कामगारापेक्षा जास्त मोबदला मिळतो.’ पुढच्याच परिच्छेदात टीका म्हणून लिहिलेलं असतं, ‘पण सफाई कामगारही महत्त्वाचा आहे.’ ही टीका डेव्हिस-मूर यांना लागतच नाही. त्यांनी मोबदल्यासाठी दोन गोष्टी सांगितल्या होत्या: पदाचं प्रकार्यात्मक महत्त्व आणि त्या पदासाठी लायक माणसांची टंचाई. महत्त्वाचं पद सहज भरता येत असेल, तर त्याला मोठा मोबदला देण्याची गरज नाही, हे त्यांनी स्वतःच म्हटलं आहे. रुग्णालयात सफाई थांबली तर संसर्ग पसरेल, हे त्यांना मान्यच असतं. त्यांचं उत्तर एवढंच, की ते काम थोड्या दिवसांत शिकता येतं, शस्त्रक्रिया शिकायला मात्र अनेक वर्षं जातात आणि तेवढी वर्षं घालवायला कुणी तयार व्हावं म्हणून मोबदला जास्त ठेवावा लागतो.

‘टंचाई’ हा शब्द गाळला की सिद्धांत भाबडा दिसतो, आणि भाबड्या सिद्धांतावरची टीकाही भाबडीच होते. तीन ओळींच्या नोट्स पाठ करणाऱ्यांकडून हा शब्द हमखास सुटतो. म्हणून सिद्धांत लिहून झाला की त्यात महत्त्व आणि टंचाई हे दोन्ही शब्द आले आहेत का, ते बघावं.

संघर्षाची बाजूही याच शब्दावर उभी करता येते. प्रकार्यवादी टंचाई आहे असं धरून चालतो. संघर्षवादी विचारतो, ही टंचाई केली कुणी? मेल्विन ट्युमिन यांनी 1953 मध्ये डेव्हिस-मूर यांच्यावर घेतलेले आक्षेप इथे कामाला येतात. ज्या समाजात आधीच वरचे-खालचे थर आहेत, तिथे खालच्या थरातल्या मुलांची गुणवत्ता पुढे येण्याची संधीच कमी असते. मग गुणवान माणसं खरंच किती कमी आहेत, हे ठरवणार कसं? शिवाय प्रशिक्षणासाठी केलेला ‘त्याग’ बऱ्याचदा त्या विद्यार्थ्याचा नसून आईवडिलांच्या खर्चातून झालेला असतो. डॉक्टरचंच उदाहरण पुढे न्यायचं तर प्रवेशाच्या जागा, परवाने आणि शुल्क यांवर ज्यांचा ताबा आहे, ते टंचाई टिकवूनही ठेवू शकतात. वेबर यांनी एखाद्या गटाने बाहेरच्यांना संधी नाकारण्याबद्दल जे लिहिलं, ते इथे एका ओळीत जोडावं.

मात्र ट्युमिन यांना मार्क्सवादी म्हणू नका. त्यांचा आक्षेप प्रकार्यवादी युक्तिवादाच्या आतल्या त्रुटींवर आहे आणि विषमतेचे अपकार्यही ते दाखवतात. संघर्षाच्या बाजूने त्यांचा उपयोग करायला हरकत नाही, फक्त शिक्का मारू नये.

दुसरी चूक म्हणजे मार्क्स यांचा वर्ग ‘श्रीमंत आणि गरीब’ असा लिहिणं. मार्क्स यांच्याकडे वर्ग ठरतो तो उत्पादन साधनांच्या मालकीवरून, मिळकतीच्या आकड्यावरून नाही. भरपूर पगार घेणारा व्यवस्थापक श्रीमंत असेल, पण कारखाना त्याचा नाही. परीक्षक नेमकं हेच तपासतो. वेबर यांनी वर्गासोबत प्रतिष्ठा आणि पक्ष हे वेगळे आधार मानले. त्यामुळे ‘मार्क्स व वेबर यांच्या मते’ अशी एकत्र सुरुवात करून दोघांच्या तोंडी एकच वाक्य घालू नये.

‘प्रकार्यवादी विषमतेचं समर्थन करतात’ एवढंच लिहून सोडू नका. समर्थनाचा आरोप त्यांच्यावर होतोच, पण त्यांचा स्वतःचा दावा विषमता सर्वत्र का आढळते हे सांगण्याचा आहे. पार्सन्स यांचं नाव घ्यायचं तर मूल्यमतैक्यासाठी घ्यावं: समाज ज्या मूल्यांना मान देतो, त्यांवरून श्रेणी लागते.

आणि शेवटी ‘दोन्ही सिद्धांत परस्परपूरक आहेत’ हे वाक्य टाकून मोकळं होऊ नका. प्रत्येक सिद्धांत कुठे अडतो ते लिहा. वारशाने मिळालेल्या संपत्तीचं स्पष्टीकरण प्रकार्यवादाला नीट देता येत नाही, कारण तिथे कुठलंही अवघड पद भरलेलंच नसतं. खासगी मालकी रद्द झालेल्या समाजातही अधिकाऱ्यांचा वरचा थर का तयार होतो, याचं उत्तर केवळ मालकीवर भर देणाऱ्या मार्क्सवादी मांडणीतून मिळत नाही. तिथे डाहरेन्डॉर्फ यांचा अधिकारावर आधारलेला संघर्षाचा मुद्दा आणावा लागतो.