हप्त्याची आठवण: घाबरवणारा मेसेज मी कसा बदलला

मी आयुर्विम्याचा एजंट. हप्ता थकला की माझ्याकडून जाणारा जुना मेसेज असा होता: ‘अंतिम सूचना! त्वरित भरा, अन्यथा सर्व लाभ गमवाल.’ तो वाचून एका काकूंचा रडवेला फोन आला. त्यांच्या टर्म पॉलिसीचा सहामाही हप्ता ५ जूनला होता, आणि त्या दिवशी १२ जून होती. पॉलिसी बुडाली, असंच त्यांना वाटलं होतं. खरं तर सवलतीचे २३ दिवस हातात होते. चूक माझ्या मेसेजची होती.

आता मी असं लिहितो: ‘काकू, ५ जूनचा ६,२४० रुपयांचा हप्ता यायचा आहे. ५ जुलैपर्यंत भरता येईल. तोवर विमा चालू आहे. त्यानंतर संरक्षण थांबेल. पुन्हा सुरू करता येतं, पण व्याज आणि तब्येतीची माहिती द्यावी लागेल. अडचण असेल तर फोन करा.’

सवलतीचे ‘३० दिवस’ न लिहिता मी तारीखच लिहितो, कारण दिवस कुठून मोजायचे इथेच लोक अडतात. मासिक हप्त्याला सवलत १५ दिवसांचीच असते, म्हणून एकच मजकूर सगळ्यांना पाठवत नाही. ‘पुन्हा सुरू करता येतं’ याची मात्र हमी देत नाही. मध्ये आजार निघाला तर कंपनी नाकारू शकते, हे मी फोनवर शांतपणे सांगतो.

काकूंनी २८ जूनला हप्ता भरला.