बल्ब शंभराचा, बल्ब पाचशेचा: साहेबांवरची गाणी वाचताना या चुका टाळा

आमच्याकडे नाशिकला गंगापूर रोडवर दर रविवारी सात-आठ जण लोकगीतं वाचायला जमतात. साहेबांची फिरकी घेणारं गाणं आलं की नव्या माणसाचा हात पहिल्याच ओळीला वर जातो, "सर, याचा खरा अर्थ असा आहे की..." आधी खोटा अर्थ तरी नीट वाचा, असं मी म्हणतो. त्यांना राग येतो, येऊ दे.

निफाड तालुक्यातल्या एका यात्रेत ऐकलेलं हे गाणं बघा. वारसनोंदीसाठी खेटे घालणारी एक बाई मैत्रिणीला सांगतेय:

साहेब बाई साधाभोळा, चहा पितो बिनसाखरेचा
नोंदीचा कागद वाचू पाहतो, उजेड अपुरा कचेरीचा
पंधरा दिसांची मुदत सरली, पंधरा आठवडे झाले ग
'बल्ब नवा तू आण बाई' सांगुन साहेब गेले ग
शंभराचा मी बल्ब लावला, अक्षर त्याला दिसेना ग
पाचशेचा तो लावला अन् चष्मासुद्धा लागेना ग

चूक पहिली: गाणं जे बोललंच नाही ते त्याच्या तोंडी घालणं. ही चूक मी स्वतः केली आहे, आणि चांगली छापून केली आहे. यात्रेहून आलो आणि एका साप्ताहिकात लिहिलं, "तलाठी लाच घेतो असा थेट आरोप शाहिरांनी केला." आठवड्याभरात पुढच्या गावच्या आयोजकांनी घाबरून ते गाणं कार्यक्रमातून काढलं. शाहिरांचा फोन आला. आवाज शांत होता, म्हणून जास्त लागलं. "सर, मी पैसे कुठं म्हनलं? तलाठी कुठं म्हनलं? बल्ब म्हनलं मी."

खरंच, दोन्ही शब्द गाण्यात नाहीत. शाहीर अर्थ लपवत नव्हते, समोरच्या हजार लोकांना तो कळलाच होता. पण जे सुचवलं ते सुचवलेलंच ठेवण्यात त्यांची कला होती आणि संरक्षणही. मी एका वाक्यात दोन्ही काढून घेतलं. शिवाय माझ्या 'तलाठी'ला गाण्यात आधारच नव्हता. फेरफाराची नोंद तलाठी घालतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात आणि वाद नसेल तर नोंद प्रमाणित करतो मंडळ अधिकारी. गाण्यातला 'साहेब' यातला कोण, हे गाण्यानं मुद्दामच उघडं ठेवलंय. मी घाईनं ते बंद केलं आणि एका बिचाऱ्या पदाला चिकटवलं.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. वहीचं पान मधोमध दुमडायचं. डावीकडे गाणं जे म्हणतं तेवढंच, चौथीतल्या मुलाला कळेल असं. उजवीकडे जे सुचतं ते. आणि उजवीकडच्या प्रत्येक वाक्यापासून डावीकडच्या एखाद्या शब्दापर्यंत पेन्सिलीनं रेघ ओढता आलीच पाहिजे. रेघ कुठं पोचत नसेल, तर तो अर्थ गाण्याचा नाही, तुमचा आहे. तो पानाच्या तळाशी लिहा, फेकू नका.

आता हेच गाणं असं मांडून बघू. बल्बची ओळ सरळ अर्थानं वाचली की दोन ठिकाणी अडखळते. कचेरीचा बल्ब अर्जदार बाईनं का आणायचा? आणि पाचशेचा बल्ब खोलीत लावतो कोण, तो लागतो मांडवात. सरळ अर्थ जिथं लंगडतो तिथंच दुसरा अर्थ दारात उभा असतो. शंभर काय, पाचशे काय, वॅटही होतात आणि नोटाही. इथं रेघ घट्ट बसते. शेवटचा चष्मा तर आधी कुठं आलेलाच नाही. तो एकदम येतो आणि 'लागेना' म्हणतो, म्हणजे डोळे पहिल्यापासून ठीक होते. तिथंही रेघ बसते.

साहेबानं मागितलं का? 'बल्ब आण' असं तो म्हणतो, म्हणजे मागणं सुचवलं आहे. रक्कम मात्र त्यानं सांगितलेली नाही. शंभरावरून पाचशेवर बाई स्वतः गेली. ही रेघ मी तुटक काढतो. 'अख्खं महसूल खातं सडलंय' हे आमच्या गटातल्या एकाचं आवडतं वाक्य. त्याला रेघच नाही. ते तळाशी.

अर्थाचा कस बघायला मी एकच प्रश्न विचारतो: शाहिराला उद्या कुणी दरडावून विचारलं, तर तो सरळ चेहऱ्यानं नाकारू शकेल का? "बल्बच म्हणालो साहेब, कचेरीत अंधारच आहे." नाकारता येतं, म्हणजे ते सुचवलेलं. नाकारता येत नाही ते बोललेलं.

चूक दुसरी, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी: उघड बोललेलं वगळणं. हा प्रश्न सगळ्या ओळींना लावला की गंमत कळते. "पंधरा दिसांची मुदत सरली, पंधरा आठवडे झाले." हे नाकारता येत नाही. इथं ना श्लेष, ना आडपडदा. खरं-खोटं करायचं तर नोटिशीची तारीख काढा आणि मोजा. गाण्यातला सगळ्यात जड आरोप दिरंगाईचा आहे आणि तो भर चौकात केलाय. गेल्या वर्षी गटातल्या नऊ जणांना पान दुमडून दिलं. नऊच्या नऊ जणांनी बल्बवर अर्धं पान लिहिलं, आणि ही ओळ डावीकडे उतरवली फक्त दोघींनी. बाकीचे 'दडलेला अर्थ' शोधायला निघाले ते समोर ठेवलेल्या दगडाला ठेच लागूनही थांबले नाहीत. आडून बोलणारा माणूस मध्येच सरळ बोलला तर कान टवकारा.

चूक तिसरी: बाईचं बोलणं शाहिराच्या नावावर टाकणं. 'साधाभोळा' हे बाई म्हणते. तिला भाबडी करून शाहीर मागं उभा आहे. परीक्षेला बसणारे लगेच 'व्याजस्तुती', म्हणजे स्तुतीच्या आडून निंदा, असं लिहून मोकळे होतात. अलंकाराचं नाव बरोबर आहे, पण बाई खरंच भाबडी आहे की मैत्रिणीपुढं सोंग घेतेय, हे त्या नावानं सुटत नाही. मला ती सोंग घेतेय असं वाटतं. शंभर लावून परत पाचशे लावणारीला बल्ब कशाचा हे ठाऊक असतं. पण ही रेघही तुटकच.

बिनसाखरेच्या चहात काही दडलेलं नाही. 'कचेरीचा'ला यमक हवं होतं. एकानं त्यात मधुमेह आणि प्रशासनाची आजारी प्रकृती शोधली होती, त्याला मी चहा पाजला, साखरेचा.

कुणी म्हणेल, वाचणाऱ्यानं इतकं जपायचं कशाला? नाशिककरानं तरी हे विचारू नये. 1909 साली बाबाराव सावरकरांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली ती कवितांच्या पुस्तिकेवरून. त्या विनोदी नव्हत्या, देवांच्या आणि शिवाजी महाराजांच्या होत्या. ही नावं निव्वळ निमित्त आहेत, खरा रोख सरकारवर आहे, असा अर्थ न्यायालयानं लावला. उजवीकडच्या रकान्यावर माणूस अंदमानात जाऊ शकतो.

शेवटची चूक किरकोळ वाटते, पण छापील ओळींवरच भागवणाऱ्यांची पंचाईत करते. गाणं ऐका. त्या यात्रेत 'शंभराचा'च्या आधी ढोलकी थांबली होती आणि शाहिरांनी सदऱ्याच्या वरच्या खिशावर हात ठेवला होता. शब्द बल्बचेच होते. 'पाचशेचा'ला त्यांनी खिशाला हातही लावला नाही, फक्त वर छताकडे बघितलं, आणि सगळ्यात मोठा हशा तेव्हा झाला.