मोबाइलवर नीट वाचता येईल असा महिन्याच्या खर्चाचा तक्ता कसा बनवावा

खर्चाचा हिशोब बहुतेक जण लॅपटॉपवर मांडतात आणि मग तो पाहतात फोनवर, तेही किराणा दुकानात किंवा लोकलमध्ये उभ्या उभ्या. त्यामुळे मोठ्या पडद्यावर छान दिसणारा रंगीत पाय चार्ट इथे निरुपयोगी ठरतो. आठ फाका, आठ रंग आणि बाजूला बारीक अक्षरातली रंगांची यादी. कोणता रंग कशाचा हे शोधतानाच आपला थांबा येतो. पाय चार्ट टाळा, एवढंच त्याबद्दल सांगतो.

खाली गूगल शीट्समधली पद्धत दिली आहे. "नोंदी" नावाच्या शीटमध्ये पहिल्या ओळीत मथळे आणि चार रकाने आहेत, असं धरतो: A तारीख, B प्रकार, C रक्कम आणि D मध्ये "ठरलेला" किंवा "बदलता". प्रकार ड्रॉपडाउनमधून निवडा, नाहीतर "किराणा" आणि "किराणा सामान" असे दोन वेगळे प्रकार तयार होतात. नवीन शीट उघडून तिला "सारांश" नाव द्या. आलेख त्यातच येईल.

आता खरी अडचण. या टप्प्यावर मी बराच काळ अडलो होतो आणि इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले याबद्दल काहीच बोलत नाहीत. एका घराचा महिना पाहू. भाडं 18,000, कर्जाचा हप्ता 7,500, किराणा-भाजी 8,200, बाहेरचं खाणं 4,600, पेट्रोल-रिक्षा 3,100, वीज-गॅस-मोबाइल 2,450, औषधं 1,250 आणि इतर 1,900. एकूण 47,000. बहुतेक फोनचा पडदा उभा धरल्यावर साधारण 360 पिक्सेल रुंद धरला जातो. त्यातून ओळीच्या क्रमांकाचा रकाना, खर्चाचं नाव आणि रक्कम वजा केली की रकमेनुसार लांब-आखूड होणाऱ्या पट्टीसाठी 130 पिक्सेल उरतात. भाड्याने ते सगळे व्यापले, तर पेट्रोलच्या वाट्याला 22 येतात आणि विजेच्या वाट्याला 18. चार पिक्सेलचा फरक चालत्या बसमध्ये कुणाला दिसणार? औषधांची पट्टी तर नऊ पिक्सेलची, म्हणजे एक ठिपका.

यावर दोन उपाय हमखास सुचवले जातात आणि दोन्ही वाईट आहेत. एक म्हणजे लॉग स्केल, म्हणजे रक्कम दर वेळी दहापट झाली की पट्टी सारख्याच अंतराने वाढवणारं माप. त्यात 1,250 ची पट्टी 18,000 च्या पट्टीच्या जवळपास पाऊणपट लांब दिसते, म्हणजे आलेख चक्क चुकीची समजूत करून देतो. दुसरा म्हणजे मोठी पट्टी मधेच तोडून दाखवणे. लहान पडद्यावर ती तुटकी खूण दिसतच नाही आणि भाडं किराण्याहून किंचितच जास्त असल्याचा भास होतो.

माझं मत पक्कं आहे: भाडं आणि हप्ता आलेखात घेऊच नका. भाडं 18,000 आहे हे आपल्याला ठाऊक असतं आणि या महिन्यात त्यात काही करता येत नाही. वर एका ओळीत "ठरलेला खर्च 25,500" लिहा आणि आलेख फक्त बदलत्या 21,500 चा काढा. आता सर्वात मोठी पट्टी किराण्याची. तिने 130 पिक्सेल घेतले की पेट्रोलला 49, विजेला 39 आणि औषधांना 20 मिळतात. फरक न मोजता दिसतो.

बदलत्या खर्चाची यादी मोठ्याकडून लहानाकडे लावून आणायला सारांशातल्या A6 मध्ये हे टाका:

```
=QUERY('नोंदी'!A:D,"select B,sum(C) where D='बदलता' and A>=date '"&TEXT(EOMONTH(TODAY(),-1)+1,"yyyy-mm-dd")&"' group by B order by sum(C) desc label sum(C) ''",1)
```

आलेखासाठी वेगळा चार्ट घालू नका. फोनवर तो तक्त्यावर तरंगतो, त्याची मराठी नावं कापली जातात किंवा तिरकी होतात. पट्टी सेलमध्येच काढा. C7 मध्ये हे लिहून खाली C13 पर्यंत ओढा:

```
=IF(B7="","",SPARKLINE(B7,{"charttype","bar";"max",MAX(B$7:B$13);"color1","#2a6f77"}))
```

यातला "max" विसरलात तर प्रत्येक पट्टी सेल पूर्ण भरते. सगळ्या पट्ट्या सारख्याच लांबीच्या दिसल्या तर आधी हेच तपासा. आणि डॉलरची चिन्हं गाळली तरी प्रत्येक ओळीचं मोजमाप वेगळं होतं. यादी मोठ्याकडून लहानाकडे असल्याने प्रत्येक ओळीत तिचीच रक्कम सर्वात मोठी ठरते आणि पुन्हा सगळ्या पट्ट्या सेल पूर्ण भरतात. पडताळणी सोपी आहे: किराण्याच्या साधारण निम्म्या रकमेची पट्टी निम्मीच दिसली पाहिजे.

रकान्यांची रुंदी 115, 65 आणि 130 ठेवा. ओळीची उंची मात्र नेहमीपेक्षा वाढवा, 30 च्या आसपास. देवनागरीत वर वेलांट्या आणि अनुस्वार असतात, खाली उकार असतात. घट्ट ओळीत आधी तेच कापले जातात. अक्षर 11 च्या खाली नेऊ नका. नाव मावत नसेल तर नाव लहान करा. रंग एकच पुरे. पैसे गाळून पूर्ण रुपये दाखवा आणि लाखाचा स्वल्पविराम योग्य जागी पडावा म्हणून कस्टम नंबर फॉरमॅटमध्ये हे द्या:

```
[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

बदलत्या खर्चाचे प्रकार सातच्या वर नेऊ नका. "इतर"ची पट्टी वरच्या तिघांत येऊ लागली तर त्यात काहीतरी दडलेलं आहे. नोंदी उघडा आणि त्याला स्वतःचं नाव द्या.

सारांशाच्या वरच्या भागात ठरलेल्या खर्चाच्या ओळीशिवाय दोनच आकडे हवेत: या महिन्याचा आजवरचा बदलता खर्च आणि गेल्या महिन्यात याच तारखेपर्यंत झालेला. अर्धा महिना पूर्ण महिन्याशी ताडून "या वेळी बचत झाली" असं दाखवणारे तक्ते पाहिले की चीड येते. बारा तारखेला खर्च नेहमीच कमी दिसणार! गेल्या महिन्याच्या आकड्यासाठी:

```
=SUMIFS('नोंदी'!C:C,'नोंदी'!D:D,"बदलता",'नोंदी'!A:A,">="&EOMONTH(TODAY(),-2)+1,'नोंदी'!A:A,"<"&EDATE(TODAY(),-1)+1)
```

या महिन्यासाठी -2 च्या जागी -1 आणि EDATE(TODAY(),-1) च्या जागी TODAY() लिहा. दोन्ही रकमांखाली फरक शब्दांत लिहिलेला बरा: "1,400 जास्त". फोनवर उणे चिन्ह नजरेतून सहज निसटतं.

शेवटी वर्षातून एकदा येणारे खर्च. विम्याचा हप्ता किंवा शाळेची फी ज्या महिन्यात येते, त्या महिन्यात ती भाड्यासारखीच बाकीच्या पट्ट्या चिरडते. तिला D मध्ये "ठरलेला" म्हणा. दिवाळीची खरेदी मात्र बदलत्यातच राहू द्या. त्या महिन्यात बाकीच्या पट्ट्या लहान दिसतील, आणि तसंच दिसायला हवं, कारण तो खर्च आपण ठरवून केलेला असतो आणि कमीही करू शकलो असतो.