स्क्रीनशॉटवरून एसआयपीचा खरा वार्षिक परतावा कसा काढायचा

सिडकोतल्या मावसभावाने परवा हप्त्यांचा स्क्रीनशॉट टाकला, जानेवारी ते डिसेंबर 2024 दर महिन्याच्या 5 तारखेला 5000, आणि 6 जानेवारी 2025 ची व्हॅल्यू 64,000. वर त्याचा हिशोब, 60 हजारांवर 4 हजार म्हणजे 6.7 टक्के, एफडी काय वाईट होती. अरे पण डिसेंबरचा हप्ता जेमतेम महिनाभरच होता ना फंडात, त्याला वर्षाचं व्याज कुठून लागणार?

तर गुगल शीट उघडा. A2 पासून तारखा, B मध्ये प्रत्येक हप्ता `-5000` (उणे विसरलात तर एररच येते), शेवटच्या ओळीत व्हॅल्यूची तारीख आणि अधिक 64000. स्क्रीनशॉटमध्ये 4999.75 दिसेल, ते 25 पैसे स्टॅम्प ड्युटीचे, खिशातून 5000 गेले तेच लिहा. मग एका रिकाम्या सेलमध्ये हे सूत्र टाका, प्रत्येक हप्ता किती दिवस फंडात होता ते धरून ते वार्षिक परतावा काढतं.

```
=XIRR(B2:B14, A2:A14)
```

आता तारखा. इथेच मी दोन वर्षं चुकीचे आकडे काढून लोकांना खुशाल सांगत होतो. शीटचं Locale, म्हणजे देशाची सेटिंग, अमेरिकेची असेल तर 05/02/2024 म्हणजे त्याच्या लेखी 2 मे, 5 फेब्रुवारी नाही. सेलमध्ये मात्र तुम्ही टाइप केलं तसंच दिसतं, एरर नाही, काही नाही. भावाचे आकडे मी मुद्दाम तसे टाकून बघितले, बारापैकी दहा हप्ते मे महिन्यात जाऊन बसले आणि उत्तर आलं 6.3 टक्के. म्हणजे त्याच्या चुकीच्या भागाकाराच्या अगदी जवळ, आता कोणाला शंका येणार सांगा! तारखा नीट टाकल्यावर तेच उत्तर 12.4 टक्के.

पकडायचं असेल तर बाजूच्या कॉलममध्ये `=MONTH(A2)` टाकून खाली ओढा, 1, 2, 3 असं ओळीने आलं तर ठीक, 5, 5, 5 आलं की समजा गोंधळ आहे. नंतर File > Settings मध्ये Locale बदलून India केलं तरी आधी टाकलेल्या तारखा सुधरत नाहीत, पुन्हा टाइप कराव्याच लागतात. म्हणून मी तर सरळ `2024-02-05` असंच लिहितो, त्यात घोळच नाही. हप्ता 15 तारखेचा असेल तर उलट बरं, पंधरावा महिना नसतोच त्यामुळे तारीख डावीकडे चिकटते आणि चूक लगेच दिसते.

आणि "दर महिन्याची 5" म्हणून सेल खाली ओढून भरू नका, स्क्रीनशॉटमधली युनिट मिळाल्याची तारीखच घ्या. 5 मे 2024 ला रविवार होता, तो हप्ता 6 ला लागलाय, ऑक्टोबरचा तर 7 ला. त्याने उत्तर फारसं हलत नाही, पण एखादा हप्ता बाउन्स झाला असेल तर खाली ओढताना तोही भरला जातो आणि मग फंडाला उगाच शिव्या बसतात. व्हॅल्यूसमोरही आजची तारीख नको, ती ज्या दिवसाच्या एनएव्हीवर काढलीय ती हवी.

एसआयपी सुरू होऊन तीन-चारच महिने झाले असतील तर हे करूच नका, छोटासा चढउतार वर्षाला ताणून 40 टक्के नाहीतर उणे 30 असलं काहीतरी दाखवतं.