पैसे भरून घेतलेली ऐसपैस सीट विमान कंपनीने परस्पर बदलली, तर परताव्याचं पत्र कसं लिहावं?

शेजारच्या काकांची उंची सहा फुटांच्या वर, त्यातून गुडघ्याचं दुखणं. नागपूरहून बेंगळुरूला जाताना त्यांनी तिकिटाशिवाय वेगळे करासह १,२६० रुपये भरून १२सी ही आपत्कालीन दरवाजाजवळची, पाय पसरायला जागा असलेली सीट घेतली. सोनेगावच्या विमानतळावर काउंटरवर हातात पडलेल्या बोर्डिंग पासवर मात्र २४बी छापलेलं होतं, म्हणजे दोघांच्या मधली साधी सीट. मेसेज नाही, ईमेल नाही. विचारलं तर "सर, एअरक्राफ्ट चेंज झालंय" एवढंच उत्तर मिळालं. घरी आल्यावर काका तावातावाने दोन पानी पत्र लिहायला बसले होते. त्यांना थांबवून आम्ही जे पत्र पाठवलं, ते पुढे देतो आहे. त्याआधी मागायचं काय आणि कशाच्या आधारावर, हे नक्की करून घ्या.

कंपनीच्या प्रवासाच्या अटी उघडून पाहा. सुरक्षा किंवा परिचालनाच्या कारणाने सीट बदलू शकतो, असं त्यात बहुधा लिहिलेलं असतं. म्हणून "तुम्ही सीट बदललीच कशी?" या मुद्द्यावर भांडण्यात अर्थ नाही, तिथे कंपनीची बाजू मजबूत असते. ती लंगडी पडते ती पैशाच्या प्रश्नावर. जादा जागेसाठी पैसे घेतले आणि ती जागा दिली नाही, तर ते पैसे ठेवायचे कशाच्या बदल्यात? त्याच अटींमध्ये पुढे, कंपनीने स्वतःहून सीट बदलल्यास शुल्क परत मिळेल, असं कलम अनेकदा असतं. ते सापडलं तर त्याचा क्रमांक पत्रात टाका.

अनेक जण इथे एक गल्लत करतात. देशांतर्गत प्रवासात प्रवाशाला मर्जीविरुद्ध खालच्या वर्गात बसवलं, तर करासह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम द्यावी, असा विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएचा नियम २०२३ पासून आहे. तो बिझनेसमधून इकॉनॉमीत टाकलेल्यांसाठी आहे. इकॉनॉमीतल्या मोठ्या सीटवरून इकॉनॉमीतल्याच साध्या सीटवर आणलं, तर वर्ग बदलत नाही. पत्रात ७५ टक्क्यांची मागणी घातली की तेवढंच एक वाक्य पकडून कंपनी सगळी तक्रार फेटाळून मोकळी होते. मागायचं ते सीटचं शुल्क, पूर्ण, करासह. बदलून मिळालेली सीटही पैसे घेऊन विकली जाणारी असेल, तर मात्र दोन्हींच्या किमतीतला फरक मागावा. २४बी अशी नव्हती.

आता कागद. सीटचे पैसे भरल्याचा ईमेल किंवा बिल हवं, त्यात सीट क्रमांक आणि रक्कम दोन्ही दिसायला हव्यात. तिकिटाची एकूण रक्कम दाखवणाऱ्या पावतीने काम होत नाही, कारण सीटचा भाग त्यातून वेगळा दिसत नाही. दुसरा पुरावा म्हणजे बदललेल्या सीटचा बोर्डिंग पास. प्रवास झाला की आपण तो फेकून देतो, म्हणून काउंटर सोडण्याआधीच मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. कधी कधी सीटचा क्रमांक तोच राहतो आणि विमान बदलतं. एअरबस ए३२० मध्ये बाराव्या रांगेला सहसा आपत्कालीन दरवाजा असतो. छोट्या एटीआर विमानात तीच रांग साधी असते. तेव्हा बोर्डिंग पासवर १२सीच दिसेल. अशा वेळी सीटवर बसल्यावर समोरच्या जागेचा फोटो काढा, दुसरा पुरावा हाती राहत नाही.

पत्र छोटं ठेवा. काकांच्या पहिल्या मसुद्यात काउंटरवरच्या मुलीचा उद्धटपणा, उशिरा आलेली बॅग आणि गार समोसा असं सगळं होतं. एका पत्रात तीन तक्रारी असल्या की उत्तर सगळ्यात सोप्या तक्रारीचं येतं. शेवटी गेलं ते पत्र असं:

*विषय: सीट शुल्क रु. १,२६० चा परतावा – पीएनआर ……, नागपूर ते बेंगळुरू, दिनांक ……*

*महोदय,*

*वरील विमानप्रवासासाठी मी जादा जागेची सीट १२सी घेतली व त्यासाठी करासह रु. १,२६० वेगळे भरले (पावती सोबत). प्रवासाच्या दिवशी मला २४बी ही साधी सीट देण्यात आली (बोर्डिंग पास सोबत). बदलाची पूर्वसूचना मला मिळाली नाही. बदल मी मागितला नव्हता. आपत्कालीन दरवाजाजवळ बसण्यास मी अपात्र आहे, असेही मला कोणी सांगितले नाही.*

*ज्या सेवेचे शुल्क घेतले ती मिळाली नाही. म्हणून रु. १,२६० ज्या कार्डावरून भरले त्याच कार्डावर १५ दिवसांत परत करावेत. व्हाउचर किंवा पॉइंट्स मला नकोत.*

*परतावा नाकारायचा असल्यास कोणत्या अटीनुसार, ते कलमासह लेखी कळवावे.*

*आपला,*

अपात्रतेचं वाक्य मुद्दाम घातलं आहे. त्या दरवाजाजवळ लहान मुलं, गरोदर स्त्रिया किंवा गरज पडल्यास दरवाजा उघडायला मदत करू न शकणारी माणसं बसवत नाहीत. त्या कारणाने हलवलं असेल तर कंपनी शुल्क परत करायला नकार देऊ शकते. ते वाक्य तुमच्या बाबतीत खरं असेल तरच लिहा. काका गुडघा दुखत असूनही चांगले चालते-फिरते आहेत, काठी नाही, म्हणून त्यांना ते लिहिता आलं.

पत्र कंपनीच्या संकेतस्थळावरच्या तक्रार फॉर्ममधून पाठवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. तक्रार विभागात मराठी वाचणारं कोणी असेलच असं नाही, म्हणून हाच मजकूर याच क्रमाने इंग्रजीत पाठवलेला बरा. तिकीट एखाद्या ॲपवरून किंवा एजंटाकडून काढलं असेल, तर सीटचे पैसे कोणी घेतले ते पावतीवर पाहा आणि त्यांनाही प्रत पाठवा. नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवत बसतात.

पहिलं उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं: "सीट शुल्क परत न मिळणारे आहे." काकांनाही तेच आलं. त्यावर दोन ओळी पुरतात. ती अट प्रवाशाने स्वतः बेत बदलला तर लागू होते. इथे सीट कंपनीने बदलली आहे. हे उत्तर ग्राहक सेवेला न पाठवता तक्रारींसाठी नेमलेल्या कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला पाठवा. त्याचा ईमेल संकेतस्थळावर दिलेला असतो. तिथेही काम झालं नाही तर वर अपील अधिकारी असतो.

तरीही पैसे आले नाहीत, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर (airsewa.gov.in) तक्रार टाका आणि कंपनीकडचा तक्रार क्रमांक त्यात द्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ हाही मार्ग आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात दावा करता येतो. म्हणजे कंपनीचं मुख्यालय दिल्लीत असो की मुंबईत, नागपूरकराला नागपुरातच दाद मागता येते. एवढ्या रकमेच्या दाव्याला शुल्क लागत नाही, मुदत दोन वर्षांची आहे. १,२६० रुपयांसाठी तारखांना जायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. माझ्या मते नोडल अधिकाऱ्यापर्यंत नेटाने जाणं यात जास्त शहाणपण आहे.

"परतावा केला आहे" असा ईमेल आला की कार्डाचं स्टेटमेंट उघडून रक्कम मोजा. मूळ शुल्क येतं आणि कराचे साठ रुपये राहून जातात, असंही होऊ शकतं. तसं झालं तर त्याच तक्रार क्रमांकावर, त्याच पावतीसह, उरलेली रक्कम मागा.